व्हेंट पाइप गच्चीवर कुठे आणि किती उंच संपवावा

संडासाची उभी लाइन गच्चीवर आली की ती कुठे संपवायची, हे बहुतेक घरांत कुणी ठरवलेलेच नसते. पाइपचा उरलेला तुकडा जितका लांब, तितकी त्याची उंची. मग घरात राहायला आल्यावर रात्री जिन्यातून वास येतो, शेजारी खिडकी बंद ठेवू लागतात आणि कुणीतरी वैतागून पाइपच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी बांधतो. वास थांबतो, पण आठवड्याभरात न्हाणीघराच्या जाळीतून गुडगुड ऐकू येऊ लागते.

याचे कारण असे की हे टोक दोन कामे करते. गटारात किंवा टाकीत तयार होणारा वायू त्यातून बाहेर पडतो, हे सर्वांना माहीत असते. दुसरे काम हवा आत घेण्याचे. फ्लश केल्यावर पाण्याचा लोंढा उभ्या पाइपमधून खाली जाताना आपल्या मागे हवा ओढतो. ती वरून मिळाली नाही, तर तो जवळच्या ट्रॅपमधले पाणी खेचतो. ट्रॅपमध्ये थोपवलेले पाणी साधारण ५० मिलिमीटर खोल असते, आणि घर आणि गटार यांच्यामध्ये तेवढाच पडदा असतो. म्हणून व्हेंटचे तोंड कधीही बंद करायचे नसते. ते योग्य जागी न्यायचे असते.

पुढची कृती गच्ची असलेल्या एकमजली घराची आहे. घर नागपूरच्या एका लेआउटमधले, संडासाची लाइन नगरपालिकेच्या गटाराला जोडलेली, पाइप ११० मिलिमीटरचा पीव्हीसी. सेप्टिक टँक असलेल्या घरासाठी काय बदलते, तेही त्या त्या ठिकाणी येईल.

आधी नियम

भारतीय मानकांत आणि राष्ट्रीय इमारत संहितेत दिलेला नियम सोपा आहे. व्हेंट पाइपचे तोंड गच्चीच्या कठड्याच्या वर किमान २ मीटर असावे. पाइपपासून आडव्या अंतरात ५ मीटरच्या आत एखादी खिडकी असेल, तर ते त्या खिडकीच्या वरच्या कडेपासून २ मीटर वर असावे. दोन्हींपैकी जी उंची जास्त निघेल ती धरायची. शेजारची इमारत उंच असेल, तर शक्य तिथे पाइप तिच्या छताच्याही वर न्यावा. ही सगळी किमान मापे आहेत. जागेवरची परिस्थिती पाहून ती वाढवता येतात, कमी करता येत नाहीत.

मोजमाप कठड्यापासून का, हे समजले की नियम लक्षात राहतो. वारा कठड्याच्या बाहेरच्या अंगावर आपटतो, वर उचलला जातो आणि कठडा ओलांडल्यावर आतल्या बाजूला भोवरा घालतो. अर्धा मीटर उंचीचा पाइप नेमका या भोवऱ्यात तोंड उघडतो. त्यातून आलेला वायू वाऱ्याबरोबर निघून न जाता गच्चीवरच घोळत राहतो. तिथेच कपडे वाळतात, पापड-कुरडया घातल्या जातात आणि उन्हाळ्यात माणसे झोपतात. पाइप कठड्याच्या बराच वर गेला की त्याचे तोंड वाहत्या वाऱ्यात येते.

साहित्य

- मोजपट्टी, ५ मीटर लांब सुतळी, खडू, ओळंबा, गवंड्याकडची पाणी भरलेली लेव्हल ट्यूब
- ११० मिलिमीटरचा एसडब्ल्यूआर पाइप, लागतील तेवढे कपलर आणि ४५ अंशांचे बेंड
- रबर रिंग, पाइप सरकवण्याचे लुब्रिकंट, सॉल्व्हेंट सिमेंट
- क्लॅम्प, अँकर बोल्ट, आधारासाठी लोखंडी अँगल
- काउल, म्हणजे पाइपची जाळीदार टोपी, आणि मच्छरजाळी

एसडब्ल्यूआर पाइप 'ए' आणि 'बी' अशा दोन प्रकारांत मिळतो. आयएस १३५९२ या मानकाप्रमाणे 'ए' हा पातळ पाइप व्हेंट आणि पावसाच्या पाण्यासाठी असतो, 'बी' मैला-सांडपाण्यासाठी. व्हेंटला 'ए' चालतो. पण गच्चीवरचा तुकडा उन्हात उघडा राहतो आणि त्याला शिडी, बांबू, पतंगाच्या मागे धावणारी मुले असे सगळेच लागते. म्हणून तिथे 'बी' घ्यावा. दोन्हींचा बाहेरचा व्यास सारखाच असल्याने जोडताना अडचण येत नाही.

पायरी १ : पाच मीटरचे वर्तुळ आखा

सुतळीचे एक टोक पाइपला धरा, दुसऱ्या टोकाला खडू बांधा आणि गच्चीवर वर्तुळ काढा. या वर्तुळात जे जे उघडते त्याची यादी करा. नियमात खिडकी हा शब्द असला तरी वासाला दार आणि खिडकी सारखीच. जिन्याच्या खोलीचे दार, स्वयंपाकघराचा झरोका, खालच्या मजल्याची व्हेंटिलेटरची जाळी, सगळे लिहून घ्या.

विदर्भात यादीत आणखी एक गोष्ट हवी, ती म्हणजे खिडकीत बसवलेला कूलर. साधी खिडकी वारा येईल तशी हवा घेते. कूलर मात्र चार महिने रात्रंदिवस बाहेरची हवा ओढून थेट खोलीत सोडतो. त्याच्या गवताच्या बाजूंसमोर व्हेंटचे तोंड असेल, तर अंथरुणापर्यंत वास पोहोचणारच. म्हणून कूलरची खिडकी ५ मीटरच्या थोडी बाहेर असली तरी ती आत धरावी. स्प्लिट एसीचे बाहेरचे युनिट असे हवा आत देत नाही, ते यादीत नको.

जिन्याच्या दाराकडेही नीट पाहा. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन सुरू झाला की घर कुठून तरी हवा ओढते, आणि गच्चीचे उघडे दार ही त्याची सर्वांत सोपी वाट असते. वास नेमका स्वयंपाकाच्या वेळी येतो अशी तक्रार असेल, तर प्रथम हे दार आणि पाइप यांतले अंतर मोजावे.

शेजाऱ्याच्या खिडकीचे आडवे अंतर हवेत मोजता येत नाही. आपल्या कठड्यावरून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करा, शेजाऱ्याच्या भिंतीपर्यंत जमिनीवरच मोजा आणि त्यात पाइप कठड्यापासून जितका आत आहे ते अंतर मिळवा. खिडकीच्या उंचीसाठी, गच्चीच्या फरशीपासून मापे टाकलेला बांबू कठड्याजवळ उभा धरा. खिडकीची वरची कड बांबूवर कुठे येते ते पाहताना डोळा त्याच पातळीवर हवा, खालून वर पाहिले तर माप चुकते. अडचण वाटली तर लेव्हल ट्यूबने पातळी पलीकडे न्यावी.

पायरी २ : उंची काढा

आपल्या घराची मापे अशी आहेत. सर्व उंची गच्चीच्या फरशीपासून धरल्या आहेत.

- कठडा : १ मीटर
- जिन्याच्या दाराची वरची कड : २.१ मीटर, पाइपपासून अंतर १.८ मीटर
- शेजाऱ्याच्या पहिल्या मजल्यावरची कूलरची खिडकी, वरची कड : २.३ मीटर, पाइपपासून अंतर २.७ मीटर
- पाइप सध्या संपतो ती उंची : ०.४५ मीटर

आता प्रत्येकात २ मिळवा. कठड्यामुळे ३ मीटर उंची हवी. दारामुळे ४.१ मीटर. शेजाऱ्याच्या खिडकीमुळे ४.३ मीटर. यांतली सर्वांत मोठी संख्या धरायची, म्हणजे पाइप आहे त्याच जागी ठेवला तर तो फरशीपासून ४.३ मीटर उंच न्यावा लागेल. शिवाय शेजाऱ्याचे छत आपल्या गच्चीपेक्षा मजलाभर वर आहे, त्याच्याही वर जायचे तर उंची आणखी वाढते.

सेप्टिक टँकच्या व्हेंटसाठी वेगळे मानक आहे, आयएस २४७० चा १९८५ सालचा पहिला भाग. टाकी जवळच्या इमारतीपासून १५ मीटर किंवा अधिक दूर असेल, तर व्हेंट साधारण २ मीटर उंच पुरतो. ती त्याहून जवळ असेल, तर व्हेंट इमारतीच्या माथ्याच्या २ मीटर वर न्यावा. शहरी प्लॉटवर टाकी १५ मीटर दूर असणे जवळपास अशक्य, त्यामुळे कंपाउंडच्या भिंतीलगत माणसाच्या डोक्याएवढा उभा असलेला टाकीचा पाइप बहुतेक ठिकाणी अपुराच असतो. या पाइपचा व्यास किमान ५० मिलिमीटर हवा आणि त्याच्या तोंडाला मच्छरजाळी हवीच.

पायरी ३ : पाइप वाढवायचा की सरकवायचा, ते ठरवा

४.३ मीटरचा पाइप उभा करता येतो, पण त्याला आधार कुठून देणार? वैशाखातली वादळे अशा मोकळ्या पाइपला आधी डोलवतात आणि मग फरशीजवळच्या सांध्यावर मोडतात. आपल्या घरात दुसरा मार्ग आहे. पाइप गच्चीच्या पलीकडच्या कोपऱ्यात, रस्त्याच्या बाजूला नेला, तर शेजाऱ्याची खिडकी ६.७ मीटर दूर जाते आणि जिन्याचे दार ५.४ मीटर. दोन्ही वर्तुळाबाहेर पडली. उरला फक्त कठड्याचा नियम, आणि उंची झाली ३ मीटर.

म्हणजे ४ मीटरचा आडवा तुकडा जोडून १.३ मीटर उंची वाचली आणि शेजाऱ्याचा प्रश्नही मिटला. व्हेंट पाइपच्या बाबतीत आडवे अंतर बहुधा उंचीपेक्षा स्वस्त पडते, म्हणून ही तुलना प्रत्येक घरात करावी. मात्र नवी जागा निवडल्यावर तिथे पायरी १ पुन्हा करायची, नाहीतर एका खिडकीपासून दूर जाताना दुसरीच्या समोर जाऊन उभे राहतो.

जागा सरकवणे शक्यच नसेल, तर जिन्याच्या खोलीच्या भिंतीचा आधार घेऊन पाइप लागेल तेवढा उंच न्यावा.

पायरी ४ : आडवा तुकडा चढता ठेवा

पाइपमधला वायू दमट असतो. गार रात्री त्याचे पाणी होऊन पाइपच्या आतल्या भिंतीवरून उतरते, आणि पावसाचेही थोडे पाणी आत येते. ते सगळे उभ्या लाइनीत परत गेले पाहिजे. म्हणून आडवा तुकडा जुन्या पाइपकडून नव्या कोपऱ्याकडे चढता हवा. दर ४० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर चढ पुरतो. आपल्या ४ मीटरला तो १० सेंटिमीटर झाला.

पाइप कठड्याच्या आतल्या अंगाला क्लॅम्पवर बसवा, म्हणजे चालताना पायात येत नाही आणि मध्ये झोळ पडत नाही. झोळात पाणी साचले की बाहेरून पाइप ठीक दिसतो, पण आत हवेची वाट बंद झालेली असते. वळणावर ९० अंशांच्या एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन बेंड घ्या. व्यास कुठेही कमी करू नका. ११० चा पाइप वर जाऊन ७५ चा केलेला पुष्कळ ठिकाणी दिसतो. खाली पूर्ण संडास चालतो आणि वर हवेची वाट मात्र निम्म्याहून कमी होते.

पाइप स्लॅबमधून वर येत असेल, तर त्याच्याभोवतीची जागा नीट भरून, वॉटरप्रूफिंग पाइपवर १५ सेंटिमीटर तरी चढवून घ्यावे. इथली गळती खालच्या न्हाणीघराच्या छतावर दिसते आणि दोष उगाच टाइल्सना मिळतो.

पायरी ५ : जोडणी आणि आधार

रबर रिंगच्या सांध्यात पाइप पूर्ण आत घाला, तिथे पेन्सिलीने खूण करा आणि मग १० मिलिमीटर बाहेर ओढा. ही फट सोडायचीच असते. ४ मीटरचा पीव्हीसी पाइप तापमानात ४० अंशांचा फरक पडला की सुमारे १ सेंटिमीटर लांबतो. नागपूरच्या जानेवारीतली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत उन्हातल्या पाइपला एवढा फरक सहज पडतो. फट नसेल तर पाइप कमानीसारखा वाकतो आणि चढ बिघडतो.

उभ्या भागाला साधारण दीड मीटरवर एक असे क्लॅम्प द्या. कठडा १ मीटरचाच असल्याने वरच्या भागासाठी कठड्याला लोखंडी अँगल अँकर बोल्टने उभा बसवा आणि पाइप त्याला धरा. वरचा क्लॅम्प तोंडापासून अर्ध्या मीटरच्या आत असावा. शेवटी पाइपला फिकट रंगाचा बाहेरचा रंग द्या. पीव्हीसी उन्हाने वर्षानुवर्षे ठिसूळ होत जाते, रंगाने ते पुष्कळ लांबते.

पायरी ६ : काउल निवडा

काउल पावसासाठी असतो, हा समज आधी दूर करावा. ११० च्या पाइपचे आतले तोंड सुमारे ८५ चौरस सेंटिमीटर असते. १०० मिलिमीटर पाऊस झाला तरी त्यातून एक लिटरदेखील पाणी आत जात नाही. काउल लागतो तो साळुंकीच्या घरट्यासाठी, पाचोळ्यासाठी, गांधीलमाश्यांसाठी आणि डासांसाठी. क्युलेक्स डास सेप्टिक टँकमध्ये आणि गटारात वाढतात, त्यांच्यातूनच हत्तीरोग पसरतो, आणि जाळी नसलेला व्हेंट ही त्यांची ये-जा करण्याची वाट असते.

दुकानात तीन प्रकार दिसतात.

उभ्या फटींचा पीव्हीसी काउल सर्वांत जास्त विकला जातो. घेण्याआधी त्याच्या फटी मोजा. समजा २४ फटी आहेत, प्रत्येक ६ मिलिमीटर रुंद आणि ४० मिलिमीटर उंच. गुणाकार केला तर मोकळी जागा ५८ चौरस सेंटिमीटरच्या आत येते आणि पाइपला हवी ८५. असा काउल पाइपचा गळा आवळतो. फटींची एकूण जागा पाइपच्या तोंडाएवढी तरी हवी. कमी भरत असेल, तर पाइपचा शेवटचा सांधा वाढवून एक माप मोठा काउल लावावा.

छत्रीचा काउल म्हणजे पाइपच्या वर उचलून धरलेली टोपी. यात छत्री आणि पाइपचे तोंड यांच्यातली फट महत्त्वाची. ती व्यासाच्या चौथ्या भागाएवढी असली की मोकळी जागा बरोबर पाइपएवढी होते, म्हणजे आपल्या पाइपला २६ मिलिमीटर. जाळी येणार असल्याने प्रत्यक्षात ५० ते ६० ठेवावी.

वाऱ्यावर फिरणारा काउल घरगुती लाइनीला लागत नाही. धूळ आणि आतला वायू यांनी त्याची बेअरिंग जाम होते, आणि थांबलेली फिरकी म्हणजे तोंडावरचा अडथळाच.

मच्छरजाळी पाइपच्या तोंडावर सपाट ताणून बांधू नका. बारीक जाळीचा जवळजवळ निम्मा भाग तारेनेच व्यापलेला असतो, म्हणजे ८५ पैकी चाळीसच्या आसपास हवेला उरतात, आणि धूळ-कोळिष्टके बसली की तेही जातात. त्याऐवजी जाळीची १५ सेंटिमीटर उंच नळी करा, वरचे तोंड शिवून टाका आणि ती पाइपवर टोपीसारखी चढवा. आता जाळीचे क्षेत्र पाचशे चौरस सेंटिमीटरहून जास्त झाले, निम्मे गेले तरी पाइपच्या गरजेच्या कितीतरी वर. नळी आकार धरून राहावी म्हणून आत जाड तारेचे दोन-तीन कडे द्या आणि खाली स्टेनलेसच्या पट्टीने आवळा. जाळी स्टेनलेस स्टीलची किंवा फायबरची घ्या. साधी लोखंडी जाळी हायड्रोजन सल्फाइडने लवकर गंजते, आणि गंजाचे पापुद्रे आत पडतात.

पाइपचे तोंड उलट्या 'यू' बेंडने खाली वळवण्याची पद्धतही दिसते. त्यामुळे उंचीवर नेलेला वायू पुन्हा गच्चीकडे फेकला जातो. तोंड आकाशाकडेच असावे.

पायरी ७ : तपासून पाहा

पाइपच्या तोंडाशी अगरबत्ती, काडी, लायटर काहीही पेटते नेऊ नका, आत मिथेन असतो. तोंडावर वाकून वासही घेऊ नका. पातळ कागदाची वीतभर पट्टी काठीला बांधा आणि काउलच्या बाजूला धरा. एकाच वेळी खाली कुणीतरी फ्लश करावा. पट्टी क्षणभर काउलकडे ओढली जाते. वाऱ्यात हे कळत नाही, म्हणून वारा पडलेली वेळ निवडा.

मग खाली न्हाणीघराच्या जाळीशी बसून पुन्हा फ्लश करायला सांगा. ट्रॅपमधले पाणी किंचित हलले तर हरकत नाही. ते खाली खेचले गेले किंवा बुडबुडे आले, तर हवा पुरत नाही : काउल अरुंद आहे, आडव्या तुकड्यात पाणी साचले आहे किंवा पाइप तुंबला आहे.

वासाची तपासणी दुपारी करू नका. तेव्हा तापलेल्या गच्चीवरून हवा वर जात असते आणि दोष लपतो. पहाटे, वारा पडलेला असताना, जिन्याच्या दारात आणि शेजाऱ्याच्या खिडकीशी उभे राहून पाहा. शेजाऱ्यांना स्वतः विचारा.

एवढे करूनही वास राहिला, तर तो कुठे येतो ते पाहा. फक्त न्हाणीघरात येत असेल, तर ट्रॅपमधले पाणी आटले आहे. न वापरल्या जाणाऱ्या न्हाणीत उन्हाळ्यात हे नेहमी होते आणि बादलीभर पाणी ओतल्याने मिटते. अंगणात येत असेल, तर चेंबरचे झाकण बसलेले नाही. गच्चीवर किंवा वरच्या खिडकीत येत असेल, तरच व्हेंटकडे परत जायचे.

पावसाळ्याच्या आधी आणि दिवाळीच्या सुमारास काउल उतरवून धुवा, जाळी ब्रशने साफ करा, क्लॅम्प हलवून पाहा. गच्चीवर नवी खोली बांधली, जिन्याला खिडकी काढली किंवा शेजाऱ्यांनी मजला चढवला, की सुतळी आणि खडू घेऊन पायरी १ पासून मोजणी पुन्हा करा. पाइप हललेला नसतो, पण त्याची उंची ज्यांच्यावरून काढली ती मापे बदललेली असतात.